पाचशेची मोड दोनशेत होत नाही

दुकानदाराच्या हातात पाचशेची नोट ठेवली आणि त्याच्या गल्ल्यात फक्त दोनशेच्या नोटा असल्या, तर तो मान हलवतो. दोन नोटा दिल्या तर शंभर कमी पडतात, तीन दिल्या तर शंभर जास्त होतात. पन्नासाची नोट नुसत्या विसाच्या नोटांत मोडत नाही. पाचाचं नाणं नुसत्या दोनाच्या नाण्यांत मोडत नाही.

आज रोजच्या व्यवहारात १, २, ५, १०, २०, ५०, १००, २०० आणि ५०० रुपये अशी नऊ मूल्यं फिरतात. या नऊंतून दोन-दोनच्या ३६ जोड्या होतात. त्यांतल्या ३३ जोड्यांमध्ये मोठ्याला लहानाने नि:शेष भाग जातो. अडतात त्या तीनच: २ आणि ५, २० आणि ५०, २०० आणि ५००.

जुन्या चलनात अशी अडचण जवळजवळ नव्हती. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे १६ आणे होत, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. सगळं पैमध्ये मोजलं तर पै १, पैसा ३, ढब्बू पैसा ६, आणा १२, चवली २४, पावली ४८, अधेली ९६ आणि रुपया १९२. यातली कोणतीही दोन नाणी उचलावीत, मोठ्याची मोड लहानात बरोबर होते. दीड पैचं अर्ध्या पैशाचं नाणं तेवढं या हिशेबात बसत नाही, कारण ते पैच्या पूर्ण पटीत नाही. दशमान पद्धतीने बेरीज-वजाबाकी सोपी केली, पण २ आणि ५ हे एकमेकांना न भागणारे अंक तिच्या पायात आले. १९६४मध्ये तीन पैशांचं नाणं काढलं तेव्हा तर १ पैसा सोडून दुसऱ्या कोणत्याही नाण्याशी त्याचं असं नातं जुळेना.

इथून एक नेमका प्रश्न उभा राहतो. काही धन संख्या दिल्या आहेत, सगळ्या वेगवेगळ्या. त्यांतून जास्तीत जास्त संख्या अशा निवडायच्या, की निवडलेल्यांपैकी कोणत्याही दोन घेतल्या तर एकीने दुसरीला नि:शेष भाग जावा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतींत हमखास भेटतो आणि त्याचं उत्तर दहा-पंधरा ओळींत मावतं. पण त्या ओळी का चालतात, आणि त्यांनी दिलेलं उत्तर खरोखर सर्वांत मोठं आहे हे कसं ओळखायचं, हे पाहण्यासारखं आहे.

आजच्या नोटा-नाण्यांपुरतं उत्तर नजरेनेच काढता येतं. अडणाऱ्या जोड्या तीन आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या नाहीत. प्रत्येक जोडीतलं एक मूल्य काढून टाकलं की सहा उरतात. १, २, १०, २०, १००, २०० हे एक उत्तर. १, ५, १०, ५०, १००, ५०० हे दुसरं. तीन ठिकाणी दोन-दोन पर्याय, म्हणून अशी एकूण आठ उत्तरं आहेत.

आता ही यादी पाहा: २७, २, ७०, ९, ५४, ३, १४. इथे नजर तितकी पटकन चालत नाही. एक उपाय म्हणजे सगळे गट करून पाहणं. प्रत्येक संख्या घ्यायची किंवा सोडायची, म्हणून सात संख्यांचे १२८ गट होतात. कागद-पेन्सिल घेऊन तेही जमेल. संख्या वाढत गेल्या की मात्र हा मार्ग बंद होतो. हजार संख्यांचे जितके गट होतात ती संख्या लिहायला ३०२ अंक लागतात, आणि इतके गट तपासणारा संगणक कधीच बनणार नाही.

दुसरा उपाय सर्वांना आधी सुचतो. लहानापासून सुरुवात करायची आणि जी संख्या आतापर्यंतच्या गटात बसेल ती घेत जायचं. वरची यादी चढत्या क्रमाने लावली तर २, ३, ९, १४, २७, ५४, ७० अशी होते. २ घेतला. ३ बसत नाही, ९ बसत नाही. १४ बसतो, कारण त्याला २ने भाग जातो. २७ नाही. ५४ला २ने भाग जातो, पण १४ने जात नाही, म्हणून तोही नाही. ७० बसतो. गट झाला २, १४, ७०. तीन संख्या. पण याच यादीत ३, ९, २७, ५४ असा चार संख्यांचा गट आहे. पहिल्याच पावलाला २ उचलला आणि ३ची वाट कायमची बंद झाली. हाती आलेलं लगेच उचलणाऱ्या रीतीत मागे वळून पाहण्याची सोय नसते. उत्तर चुकलं हे तिला स्वतःला कळतही नाही, कारण तिने दिलेला गट नियमात अगदी बरोबर बसलेला असतो. फक्त तो सर्वांत मोठा नसतो.

मग हा प्रश्न सुटतो कशामुळे? वरवर पाहता तो फार अवघड जातीचा आहे. त्याची अट ‘प्रत्येक जोडीने’ पाळायची आहे, आणि अशा अटीचे प्रश्न संगणकाला सहसा जड जातात. एखाद्या मोठ्या लग्नातल्या पाहुण्यांमधून असा सर्वांत मोठा गट शोधायचा म्हटलं, की ज्यातला प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला ओळखतो, तर त्यासाठी सर्व प्रकारच्या याद्यांवर झटपट चालणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. रिचर्ड कार्प यांनी १९७२मध्ये ज्या २१ अवघड प्रश्नांची यादी मांडली, त्यात हा ओळखीच्या गटाचा प्रश्न आहे. ओळखीच्या बाबतीत एका माणसाची दोघांशी ओळख असली, म्हणून त्या दोघांची आपापसात ओळख असेलच असं नाही. म्हणून गटात नवा माणूस घेताना आधीच्या प्रत्येकाला विचारावं लागतं, आणि कोण कोण आधीपासून गटात आहे हे सगळं लक्षात ठेवावं लागतं.

भाग जाण्याचं नातं तसं नाही. ९ला ३ने भाग जातो आणि २७ला ९ने जातो, तर २७ला ३ने जाणारच. कारण सरळ आहे: ९ म्हणजे ३ची काही पट, २७ म्हणजे ९ची काही पट, म्हणून २७ ही पटीची पट झाली. शाळेच्या पुस्तकात अशा नात्याला संक्रामक संबंध म्हणतात. या एका गुणामुळे सगळा प्रश्न पालटतो. गटातल्या संख्या चढत्या क्रमाने उभ्या केल्या, की नव्या संख्येला गटातल्या सर्वांत मोठ्या संख्येने भाग जातो का, एवढंच विचारायचं. त्या मोठीला बाकीच्या सगळ्यांनी भाग जातोच, म्हणून नव्या संख्येलाही त्या सगळ्यांनी भाग जातो. शंभर जणांना विचारायचं काम शेवटच्या एकाला विचारून होतं. गटाची आता साखळी झाली, आणि साखळीबद्दल लक्षात ठेवण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या: तिचं शेवटचं टोक कोणतं आणि तिची लांबी किती.

संख्या आधी चढत्या क्रमाने लावून घेण्याचं कारणही इथेच आहे. कुणी म्हणेल की क्रम लावण्याची गरज काय, दोन संख्यांपैकी कुणीही कुणाला भागलं तरी जोडी धरावी. तसं केलं तर काय होतं ते नाण्यांवर पाहता येतं. यादी २, १०, ५ या क्रमाने आली असं समजा. २ची साखळी एकाची. १०ला २ने भाग जातो, साखळी दोनाची. मग आला ५. त्याने १०ला भाग जातो, म्हणून त्यालाही साखळीला जोडलं आणि लांबी तीन झाली. पण २ आणि ५ यांचं आपसात काहीच जुळत नाही. १० दोघांच्या वर आहे, एवढ्यानं ते दोघे एका ओळीत येत नाहीत. संक्रामकता एकाच दिशेने चढताना उपयोगी पडते, वर जाऊन पुन्हा खाली उतरलं की ती संपते. आधी क्रम लावला म्हणजे प्रत्येक नवी संख्या आधीच्या सर्वांपेक्षा मोठी असते, दिशा एकच राहते आणि ही चूक होऊच शकत नाही.

आता त्या सात संख्यांवर ही रीत चालवून पाहू. चढत्या क्रमातल्या प्रत्येक संख्येला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्यावर संपणारी सर्वांत लांब साखळी किती लांबीची? उत्तर काढण्यासाठी तिच्या आधीच्या सर्व संख्या तपासायच्या. ज्या तिला नि:शेष भागतात, त्यांच्यातली सर्वांत लांब साखळी असलेली निवडायची आणि त्या लांबीत एक मिळवायचा. कुणीच भागत नसेल तर ती संख्या एकटीच उभी राहते आणि लांबी एक होते.

२च्या आधी कुणी नाही, लांबी १. ३ला २ने भाग जात नाही, लांबी १. ९ला ३ने भाग जातो, म्हणून ३च्या एकात एक मिळवून २. १४ला फक्त २ने भाग जातो, लांबी २. २७ला ३ आणि ९ दोघांनी भाग जातो. ३वरून आलं तर दोन, ९वरून आलं तर तीन, म्हणून ९ निवडला आणि लांबी ३ झाली. ५४ला चौघे भागतात: २, ३, ९ आणि २७. त्यांच्या लांब्या अनुक्रमे १, १, २ आणि ३. सर्वांत मोठी २७ची, म्हणून ५४ची लांबी ४. शेवटी ७०. त्याला २ने आणि १४ने भाग जातो, १४ची लांबी २, म्हणून ७०ची ३.

५४पाशी थोडं थांबायला हवं. २ नावाची संख्या तिथेही हजर होती आणि तिनेही ५४ला भाग जातो. पहिल्या रीतीत २ने सगळ्यांची वाट अडवली होती. इथे २ आणि ३ यांच्या साखळ्या शेजारी शेजारी वाढल्या आणि कुणाला सोडायचं हा निर्णय घ्यावाच लागला नाही. प्रत्येक संख्येने आपल्यापुरतं उत्तर काढून लिहून ठेवलं आणि पुढच्यांनी ते आयतं वापरलं. लहान प्रश्नांची उत्तरं साठवून त्यांच्यावर मोठ्याचं उत्तर रचण्याच्या या पद्धतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. अमेरिकी गणिती रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात ती पद्धतशीरपणे मांडली आणि १९५७मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं.

सर्वांत मोठी लांबी ४ आहे हे कळलं. पण कोणत्या चार संख्या? लांब्यांच्या ओळीत ते लिहिलेलं नाही. प्रत्येक संख्येपाशी तिची पूर्ण साखळी लिहून ठेवता येईल, पण मग त्याच त्या संख्या पुन्हापुन्हा उतरवाव्या लागतात. त्याऐवजी एकच नोंद पुरते: ही लांबी कुणाच्या जोरावर मिळाली? ५४ने लिहायचं ‘२७’, २७ने ‘९’, ९ने ‘३’. ३च्या मागे कुणी नाही. हा मागचा दुवा. सगळं मिळून तक्ता असा दिसतो:

```
संख्या       २   ३   ९   १४   २७   ५४   ७०
लांबी        १   १   २    २    ३    ४    ३
मागचा दुवा   –   –   ३    २    ९   २७   १४
```

उत्तर काढताना सर्वांत मोठ्या लांबीच्या संख्येपासून मागे चालत जायचं: ५४, २७, ९, ३. मग ओळ उलटी करायची. इथे नवशिक्यांचा एक ठरलेला घोटाळा होतो. यादीतल्या शेवटच्या संख्येपासून मागे चालायला लागलं तर ७०, १४, २ अशी तीनचीच साखळी हाती येते. सर्वांत लांब साखळी सर्वांत मोठ्या संख्येवर संपेल असं कुठेही ठरलेलं नाही. म्हणून तक्ता भरतानाच आजवरची सर्वांत मोठी लांबी कुठे आहे, हे वेगळं टिपून ठेवावं लागतं.

पायथॉन भाषेत हेच असं लिहिता येतं:

```python
def largest_chain(nums):
    if not nums:
        return []
    nums = sorted(nums)
    length = [1] * len(nums)
    parent = [-1] * len(nums)
    best = 0
    for i in range(len(nums)):
        for j in range(i):
            if nums[i] % nums[j] == 0 and length[j] + 1 > length[i]:
                length[i] = length[j] + 1
                parent[i] = j
        if length[i] > length[best]:
            best = i
    chain = []
    while best != -1:
        chain.append(nums[best])
        best = parent[best]
    return chain[::-1]
```

`%` हे चिन्ह भागाकाराची बाकी काढतं. बाकी शून्य म्हणजे नि:शेष भाग गेला. `length` ही लांब्यांची ओळ आणि `parent` ही मागच्या दुव्यांची. दुव्यात संख्या न लिहिता यादीतली तिची जागा लिहिली आहे, आणि `-1` म्हणजे मागे कुणी नाही. यादीत शून्य आला तर मात्र पंचाईत होते, कारण शून्याने भागायला संगणक नकार देतो. म्हणूनच प्रश्नातच धन संख्यांची अट घातलेली असते.

हा कार्यक्रम नोटा-नाण्यांच्या नऊ मूल्यांवर चालवला तर उत्तर येतं १, २, १०, २०, १००, २००. आठ उत्तरांपैकी हेच का? कारण तुलना `>` या चिन्हाने केली आहे. १०पाशी येताना आधी २ तपासला जातो, त्याच्यावरून लांबी ३ होते. मग ५ येतो, तोही तीनच देऊ शकतो. तीन हे तीनपेक्षा मोठे नाहीत, म्हणून जुना दुवा कायम राहतो. दोन्ही ठिकाणी `>` काढून `>=` लिहिलं तर बरोबरीत नंतर आलेला जिंकतो आणि उत्तर १, ५, १०, ५०, १००, ५०० असं होतं. दोन्ही बरोबर आहेत. मागचा दुवा एकच वाट जपतो. सगळ्या आठ वाटा हव्या असतील तर प्रत्येक संख्येपाशी बरोबरीचे सगळे दुवे साठवावे लागतील.

आता एक खरीखुरी चूक. ती एरवी चांगलं काम करणाऱ्यांच्याही हातून होते आणि फार वेळ लपून राहू शकते. जावास्क्रिप्ट भाषेत संख्यांच्या यादीला नुसतं `sort()` म्हटलं, तर ती भाषा संख्यांची तुलना शब्दांसारखी करते, आधी पहिलं अक्षर, मग दुसरं. शब्दकोशाच्या नियमाने १० हा २च्या आधी येतो. आपली नऊ मूल्यं मग १, १०, १००, २, २०, २००, ५, ५०, ५०० अशी लागतात. बाकीची रीत जशीच्या तशी ठेवून तक्ता भरला तर काय होतं? १ची लांबी १, १०ची २, १००ची ३. मग २ येतो. त्याला १ने भाग जातो, लांबी २. पण १० मागे निघून गेला आहे, त्याला २चा आधार घेता आला नाही. २०ला १० आणि २ दोघांनी भाग जातो, दोघांचीही लांबी २ आहे, म्हणून २०ची ३. २००ला १०० आणि २० या दोघांचा सर्वांत लांब आधार आहे, दोघांच्याही लांब्या ३, म्हणून ४. ५ची २, ५०ची ३, ५००ची ४. कार्यक्रम सांगतो की सर्वांत लांब साखळी चारची: १, १०, १००, २००.

कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. दिलेल्या चार संख्या तपासल्या तर प्रत्येक जोडीत भाग जातो. नियम मोडलेला नाही, फक्त दोन संख्या हरवल्या आहेत. खरं उत्तर सहाचं आहे हे आधी ठाऊक नसेल तर ही चूक पकडायची कशी?

त्यासाठी तक्त्यातच एक कसोटी दडलेली आहे, आणि या सगळ्या विषयातली ती सर्वांत देखणी गोष्ट आहे. बरोबर भरलेल्या तक्त्यात समान लांबी असलेल्या संख्या एकत्र ठेवाव्यात. नोटा-नाण्यांचे गट असे पडतात: लांबी एकची १, दोनच्या २ आणि ५, तीनची १०, चारच्या २० आणि ५०, पाचची १००, सहाच्या २०० आणि ५००. एका गटातल्या कोणत्याही दोन संख्या घ्याव्यात, त्या एकमेकींना भागत नाहीत. हे नेहमीच असंच असतं. समजा एकाच गटातल्या दोन संख्यांपैकी लहानीने मोठीला भाग जात असता, तर मोठीने लहानीच्या लांबीत एक मिळवला असता आणि ती वरच्या गटात गेली असती. म्हणून एका गटात राहिलेल्या दोघी एका साखळीत कधीच येऊ शकत नाहीत.

याचा अर्थ असा, की साखळी कोणतीही असो, ती एका गटातून फार तर एकच संख्या घेऊ शकते. गट सहा आहेत, म्हणून सातची साखळी असूच शकत नाही. हे सिद्ध करायला ५१२ गटांपैकी एकही तपासावा लागला नाही. सहाची साखळी हातात आहे आणि सातची अशक्य आहे हेही हातात आहे, म्हणजे सहा हे पक्कं उत्तर. सुरुवातीला अडलेल्या तीन जोड्या याच गटांत जशाच्या तशा दिसतात. मोड का होत नाही याचं कारण आणि साखळी सहापेक्षा लांब का होत नाही याचं कारण एकच आहे.

आता तीच कसोटी शब्दकोशी क्रमाच्या चुकीच्या तक्त्याला लावू. तिथे लांबी दोनच्या गटात १०, २ आणि ५ एकत्र बसले आहेत. १०ला २ने भाग जातो! लांबी तीनच्या गटात १०० आणि २० शेजारी आहेत, तिथेही भाग जातो. समान लांबीच्या दोन संख्यांत भाग गेला की समजावं, तक्ता चुकला आहे. खरं उत्तर काय हे माहीत नसतानाही चूक उघडी पडते. ज्यांना हा प्रश्न सोडवायचा किंवा शिकवायचा आहे त्यांनी ही तपासणी कार्यक्रमाच्या शेवटी जोडावी. ती चार-पाच ओळींची आहे.

या कसोटीमागचं प्रमेय लिऑन मिर्स्की यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी ते १९७१मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त मांडलं: सर्वांत लांब साखळीची लांबी आणि एकमेकांशी नातं नसलेल्यांचे कमीत कमी जितके गट पाडता येतात ती संख्या, या दोन्ही सारख्याच असतात. त्याचं जोडीदार प्रमेय रॉबर्ट डिलवर्थ यांनी त्याआधी, १९५०मध्ये, सिद्ध केलं होतं. त्यात साखळी आणि गट यांच्या भूमिका अदलाबदल होतात. दोघांत डिलवर्थ यांचं प्रमेय सिद्ध करायला बरंच अवघड आहे. मिर्स्की यांचं मात्र वरच्या दोन परिच्छेदांत जवळजवळ पूर्ण सिद्ध झालं आहे. आपला तक्ता भरता भरता ते आपोआप घडतं.

रीतीचा वेग किती? प्रत्येक संख्येची तिच्या आधीच्या प्रत्येकीशी एकदा गाठ पडते. नऊ संख्यांना ३६ भागाकार, हजार संख्यांना ४,९९,५००. आजच्या साध्या संगणकावर हे चटकन होतं. संख्या दहा लाख असल्या तर भागाकारांची संख्या सुमारे ५० हजार कोटींवर जाते आणि ही रीत थकते. अशा वेळी, सगळ्या संख्या दहा लाखांच्या आतल्याच असतील, तर उलट्या बाजूने जावं. प्रत्येक संख्येने मागे वळून विभाजक शोधण्याऐवजी पुढे आपल्या पटींकडे चालत जायचं: ३ने ६, ९, १२ या जागांवर आपली लांबी पोचवायची. १ला दहा लाख पावलं लागतात, २ला पाच लाख, ३ला सव्वातीन लाखांच्या आसपास. एकूण बेरीज दीड कोटीच्याही आत राहते. लांबी आणि मागचा दुवा तसेच लिहायचे, फक्त शोधण्याची दिशा बदलते.

उत्तर किती मोठं येऊ शकतं याचाही अंदाज आधी बांधता येतो. साखळीतली पुढची संख्या मागचीच्या निदान दुप्पट असलीच पाहिजे. म्हणून दोनशे कोटींपर्यंतच्या कितीही संख्या दिल्या तरी साखळी ३१च्या पुढे जात नाही, कारण १पासून दुप्पट करत गेलं की बत्तिसावी संख्या दोनशे चौदा कोटींच्या पुढे जाते. कार्यक्रमाने ३२ किंवा अधिक लांबी सांगितली तर तक्ता न पाहताही तो चुकला असं म्हणता येतं. दुसऱ्या टोकाला, ५०१ ते १००० या पाचशे संख्या दिल्या तर उत्तर फक्त एक आहे. त्यांतल्या कुणाचीही दुप्पट यादीत नाही.

१ ते १००० या सगळ्या संख्या दिल्या तर सर्वांत लांब साखळी दहाची निघते. अशा साखळ्याही बरोबर दहाच आहेत. एक १पासून दुप्पट होत ५१२वर संपते. उरलेल्या नऊ ७६८वर संपतात आणि त्यांच्या नऊ पायऱ्यांपैकी एका पायरीला दुप्पटीऐवजी तिप्पट होते.